'आहे' गाळलेलं वाक्य आणि इब्री 1:8 चा जुना वाद

नव्या करारातलं ग्रीक शिकायला लागलं की पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट खटकते, पुष्कळ वाक्यांत क्रियापदच नसतं. आपल्याला त्याचं तसं नवल वाटायला नको, 'हा माझा मामा', 'मामा डॉक्टर' असं आपण रोज बोलतो आणि 'आहे' कुणी शोधत बसत नाही. ग्रीकमध्ये ते गाळलेलं क्रियापद म्हणजे एस्ती. ते गेलं की दोन नामं शेजारी शेजारी उरतात, दोन्ही प्रथमेत, आणि मग उद्देश्य कोण नि विधेय कोण हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

बहुतेक वेळा ते सोपं जातं कारण आर्टिकल मदतीला येतं. योहान 4:24 बघा, 'प्नेउमा हो थेओस', तीन शब्द, क्रियापद नाही. यातलं 'हो' हे आर्टिकल, ते थेओसला लागलंय आणि प्नेउमाला (आत्मा) नाही, म्हणजे उद्देश्य थेओस, मग तो वाक्यात शेवटी का असेना. देव आत्मा आहे. 'आत्मा देव आहे' असं कुणी वाचत नाही.

पण दोन्ही नामांना आर्टिकल असलं तर? याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं, इब्री 1:8. 'हो थ्रोनोस सू हो थेओस एइस तोन आयोना तू आयोनोस'. शब्दशः मांडलं तर तुझं सिंहासन, देव, युगानुयुग. बस्स. आता याचे तीन अर्थ निघतात. 'हे देवा, तुझं सिंहासन युगानुयुगाचं आहे', हा संबोधनाचा. दुसरा, 'देव हाच तुझं सिंहासन आहे', यात देव उद्देश्य. तिसरा, 'तुझं सिंहासन देव आहे', यात देव विधेय. आणि हे वाक्य पुत्राविषयी म्हटलेलं असल्यामुळे पहिला अर्थ घेतला तर येशूला सरळ 'देवा' अशी हाक आहे आणि दुसरा-तिसरा घेतला तर नाही, त्यामुळे या एका गाळलेल्या क्रियापदावर किती शाई सांडलीय ते विचारू नका.

भानगड मुळात ग्रीकची नाहीच, हिब्रूची आहे. वाक्य आलंय स्तोत्र 45:6 मधून, राजाच्या लग्नाचं गाणं ते, आणि हिब्रूत अशा वाक्यांना क्रियापद लागतच नाही. ख्रिस्तपूर्व काळात ज्यांनी स्तोत्रं ग्रीकमध्ये आणली त्यांनी शब्दाला शब्द ठेवला, मूळात क्रियापद नव्हतं म्हणून यांनीही घातलं नाही. वर आणखी एक सवय, ग्रीकमध्ये देवाला हाक मारायला 'थेए' असं वेगळं रूप आहे (आपल्या 'देवा'सारखं), पण स्तोत्रांच्या भाषांतरात ते जवळजवळ वापरलेलंच नाही, सगळीकडे प्रथमाच, 'हो थेओस', हाक म्हणून. वधस्तंभावरची 'माझ्या देवा, माझ्या देवा' ही हाक मार्कने 'हो थेओस मू' अशी दिलीय आणि मत्तयने 'थेए मू' अशी, म्हणजे दोन्ही चालत होतं. दुसऱ्या शतकात अक्विलाने जुना करार पुन्हा ग्रीकमध्ये केला तेव्हा त्याने स्तोत्र 45 मध्ये 'थेए' घातलं, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने हे मुद्दाम नोंदवून ठेवलंय. म्हणजे अक्विलाला तरी ती हाकच वाटली, आणि तो काही ख्रिस्ती बाजू लढवणारा नव्हता, त्याने यहुदी धर्म स्वीकारलेला होता.

नंतर लॅटिन आलं आणि प्रश्न गुंडाळून ठेवला गेला. 'थ्रोनुस तुउस देउस', क्रियापद इथेही नाही आणि देउस हे रूप प्रथमेचंही तेच नि संबोधनाचंही तेच, त्यामुळे लॅटिन वाचणाऱ्या युरोपला नुसत्या रूपावरून काही ठरवावं लागलं नाही. ज्या भाषांना स्वल्पविराम, क्रियापद नाहीतर वेगळी विभक्ती लागते त्यांच्यावर मात्र ठरवायची वेळ आली. मराठीतसुद्धा तेच, 'देव' आणि 'देवा' यांतलं एक लिहावंच लागतं, मधलं काही नाही. आपल्या प्रचलित बायबलात 'हे देवा' आहे.

1889 मध्ये वेस्टकॉट या इंग्रज अभ्यासकाने इब्रीवरच्या भाष्यात 'देव तुझं सिंहासन आहे' या बाजूला कौल दिला, म्हणजे तुझं राज्य देवावर उभं आहे अशा अर्थाने. पुढे मॉफट आणि गुडस्पीड यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरांत तेच घेतलं. हे लोक कुठल्या पंथाचे प्रचारक नव्हते, मुरलेले ग्रीकवाले होते, म्हणून 'व्याकरणात बसतच नाही' असं म्हणून हा अर्थ झटकता येत नाही. 1972 मध्ये मॅकगॉही या अभ्यासकाने एइमी, म्हणजे एस्ती ज्याचं रूप आहे त्या क्रियापदाच्या वाक्यांवर अख्खा अभ्यास केला, त्यात नियम असा की दोन्ही नामांना आर्टिकल असेल तर आधी येईल ते उद्देश्य. तो इथे लावला तर 'सिंहासन' उद्देश्य ठरतं, म्हणजे वेस्टकॉटपेक्षा तिसरा अर्थ जवळचा. पण गंमत अशी की 'हो थेओस' ही हाक असेल तर तो नियम लागूच होत नाही, कारण मग वाक्यात जोडायला दुसरं नाम उरतच नाही. आधी हाक आहे की नाही ते ठरवा, मग नियम.

माझ्या मते खरी मजा त्याच ओवीच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. स्तोत्राच्या ग्रीकमध्ये आहे 'ऱ्हाब्दोस एउथुतेतोस हे ऱ्हाब्दोस तेस बासिलेइआस सू'. ऱ्हाब्दोस म्हणजे राजदंड आणि आर्टिकल 'हे' दुसऱ्या राजदंडाला, म्हणून तुझ्या राज्याचा राजदंड हा उद्देश्य आणि न्यायाचा राजदंड हे विधेय. तुझा राजदंड न्यायाचा आहे. इब्रीच्या जुन्या हस्तलिखितांत मात्र ते आर्टिकल उचलून पहिल्याला लावलंय, 'हे ऱ्हाब्दोस तेस एउथुतेतोस ऱ्हाब्दोस तेस बासिलेइआस'. झालं, जोडी उलटली. आता न्यायाचा राजदंड हा उद्देश्य आणि राज्याचा राजदंड हे विधेय. क्रियापद दोन्हीकडे नाही, फक्त एक छोटं अक्षर इकडून तिकडे गेलं आणि एक 'तेस' वाढलं. नंतरच्या बहुतेक प्रतींत मात्र स्तोत्रासारखाच क्रम दिसतो, आणि नकलणारा पाठ असलेल्या स्तोत्राकडे ओढला गेला असेल हे समजण्यासारखं आहे. म्हणजे इब्रीच्या लेखकाला आर्टिकलने उद्देश्य दाखवणं चांगलं माहीत होतं. मग त्याला पहिल्या अर्ध्यात 'सिंहासन' आणि 'देव' यांची जोडी लावायची असती तर तिथेही एक 'हो' काढून टाकणं सोपं होतं. त्याने काढलं नाही. हा पुरावा पक्का नाही, कारण पहिला अर्धा त्याने जसाच्या तसा उचललाय, पण पारडं हाकेकडे झुकतं. शिवाय देवाला खडक, गड, ढाल म्हणणं स्तोत्रांत पदोपदी येतं, सिंहासन म्हणणं मात्र दुसरीकडे सापडत नाही.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड दगड म्हणजे शेवटचं सर्वनाम. सुमारे 200 सालचा पपायरस 46, तसंच सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस ही जुनी हस्तलिखितं, तिन्हींत 'तुझ्या राज्याचा' ऐवजी 'त्याच्या राज्याचा' आहे, सू नाही, आउतू. आणि 'त्याच्या' म्हटलं की तो 'तो' कोण, देवच ना, मग लगेच आधीच्या ओळीत देवाला 'हे देवा' कसं म्हणणार, म्हणून तिथे 'देव तुझं सिंहासन आहे, आणि... त्याच्या राज्याचा राजदंड' असं वाचणं जास्त सरळ जातं. छापील ग्रीक पाठाच्या संपादकांनी 'सू' ठेवलं, कारण स्तोत्रातही तेच आणि बाकी प्रतींचा पाठिंबाही मोठा, पण या तीन प्रती हलक्या नाहीत. न्यू अमेरिकन स्टँडर्ड या इंग्रजी भाषांतराने तर दोन्ही घेतलंय, आधी 'हे देवा' आणि त्याच ओवीत पुढे 'त्याच्या राज्याचा'.