लघवीची जळजळ आणि कल्चरचा रिपोर्ट: आमच्या लॅबकडून थोडी माहिती

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहण्याची तपासणी. तिच्याबद्दल काउंटरवर रोज एक प्रश्न येतो. "लघवीला जळजळ होतेय, कल्चर करून टाकू का?" आमचं उत्तर बऱ्याचदा "आधी डॉक्टरांना विचारा" असं असतं. लॅबवाले तपासणी नको म्हणतात याचं काहींना नवल वाटतं, म्हणून त्यामागचं कारण इथे लिहीत आहोत.

जंतुसंसर्ग मूत्राशयापुरता असेल तर उन्हाळी लागते, सारखं जावंसं वाटतं, गेलं की थेंबभरच होते, ओटीपोटात दुखतं. कधी लघवीत थोडं रक्तही दिसतं. पण ताप नसतो आणि बाई हिंडतीफिरती असते. हेच जंतू मूत्रनलिकेतून वर चढून मूत्रपिंडात पोचले की चित्र बदलतं: हुडहुडी भरून ताप, एका बाजूला बरगडीखाली पाठीत ठणका, मळमळ, उलट्या. अशा वेळी जळजळ असेलच असं नाही, आणि इथेच फसगत होते. ताप आणि पाठदुखीला "व्हायरल असेल" म्हणून दोन-तीन दिवस घरीच काढले जातात.

दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा जंतू एकच, ई. कोलाय. त्यामुळे दुखणं खाली आहे की वर, हे कल्चर सांगत नाही. ते लक्षणांवरून आणि डॉक्टरांनी पाठीवर हलकं ठोकून पाहिल्यावर ठरतं.

कल्चरला वेळ लागतो. प्लेटवर जंतू वाढायला एक रात्र, ओळख आणि औषधांची सेन्सिटिव्हिटी यायला आणखी एक दिवस. गरोदर नसलेल्या, एरवी निरोगी बाईला साधा मूत्राशयाचा संसर्ग असेल, तर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइनचा 5 दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनचा 3 ग्रॅमचा एकच डोस देतात. आमचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत जळजळ बहुतेक थांबलेली असते. त्या रिपोर्टने मग बदलायचं काय?

जिथे तो खरंच उपचार बदलतो, ते एका उदाहरणातून पाहू. 34 वर्षांच्या एका बाईला आठवडाभर थोडी जळजळ होती, तिने अंगावर काढली. मग थंडी वाजून 102 ताप आला आणि उजव्या कुशीत दुखू लागलं. डॉक्टरांनी पहिल्या इंजेक्शनच्या आधी लघवी कल्चरला पाठवली आणि लगेच सेफ्ट्रायॅक्सोन सुरू केलं. रिपोर्टसाठी थांबले नाहीत. दोन दिवसांत ताप उतरला. रिपोर्ट आला: ई. कोलाय, एका मिलिलीटरमध्ये 1 लाखाहून जास्त; सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद नाही; सेफ्ट्रायॅक्सोन, कोट्रायमॉक्साझोल आणि नायट्रोफ्युरँटॉइनला संवेदनशील.

इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणायचं होतं. डॉक्टरांच्या मनात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. रिपोर्टमुळे ते बाद झालं आणि कोट्रायमॉक्साझोलवर कोर्स पूर्ण झाला. घरच्यांनी मात्र विचारलं, "नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही 'संवेदनशील' लिहिलंय, मग ते का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. हे औषध लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं साठत नाही. प्लेटवर जंतू मरतो, मूत्रपिंडात मरेलच असं नाही. म्हणून रिपोर्टमधलं नाव पाहून दुकानातून गोळी आणू नका.

मूत्रपिंडाच्या संसर्गाखेरीज कल्चर लागतं ते गरोदरपणात (तेव्हा त्रास नसतानाही), औषध घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर, काही आठवड्यांत त्रास परतला तर, किंवा वरचेवर होत असेल तर. कोर्सनंतर बरं वाटत असताना "खात्री म्हणून" करायची गरज सहसा नसते. त्रास नसताना जंतू सापडले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया असे अपवाद सोडून औषध लागत नाही. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने पुढचे जंतू मात्र चिवट होतात.

नमुना बिघडला तर रिपोर्टही बिघडतो. "मिश्र वाढ" असा शेरा आला, तर बहुधा बाहेरच्या त्वचेवरचे जंतू डबीत आलेले असतात. हात धुवा, जागा नुसत्या पाण्याने स्वच्छ करा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार डबीत घ्या. डबीच्या आतून बोट लावू नका. तासाभरात पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, कारण बाहेर ठेवलेल्या लघवीत चार जंतूंचे हजारो होतात. अँटिबायोटिकची एखादी गोळी आधीच घेतली असेल, तर तिचं नाव आणि वेळ डबी देतानाच सांगा. आम्ही ते रिपोर्टवर नोंदवतो, म्हणजे "वाढ नाही" या शब्दांचा डॉक्टर बरोबर अर्थ लावतील.