टाकीत उरलेले भ्रूण: पर्याय कोणते, कागद कोणते आणि नवरा-बायको वेगळे झाले तर सही कोणाची

टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार यशस्वी झाले, बारसे झाले, घर पुन्हा रुळावर आले की साधारण वर्षभराने क्लिनिकचा मेसेज येतो: गोठवलेल्या भ्रूणांचे स्टोरेज रिन्यूअल बाकी आहे, फी भरावी. बरेच जण पहिली दोन वर्षे मुकाट्याने भरतात. तिसऱ्या वर्षी घरात प्रश्न निघतो, की हे नक्की ठेवायचे कशासाठी? कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालयातली कामे करताना हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा उशिरा येतो. तोवर दोघे एकमेकांशी बोलत नसतात आणि भ्रूण मात्र दोघांच्या नावावर असतात.

हा विषय सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ खाली येतो. बोलताना सगळे त्याला एआरटी कायदा म्हणतात. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा

निर्णयाआधी क्लिनिकला साधा अर्ज देऊन दोन कागदांच्या प्रती मागा: भ्रूण गोठवताना दोघांनी सही केलेले संमतीपत्र आणि लॅबची फ्रीझिंगची नोंद. नोंदीत गोठवल्याची तारीख, भ्रूण किती, कितव्या दिवसाचे आणि किती स्ट्रॉमध्ये आहेत हे असते. स्ट्रॉ म्हणजे बारीक प्लॅस्टिकची काडी. तिच्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक असतो आणि ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेली असते. एका स्ट्रॉमध्ये एक किंवा दोन भ्रूण असू शकतात. त्यामुळे "तीन शिल्लक आहेत" असे कोणी सांगितले तर तीन भ्रूण की तीन स्ट्रॉ, हे विचारून घ्या. फी कशावर मोजतात हेही त्यातच कळते.

तारीख सगळ्यात महत्त्वाची. कायद्याच्या कलम २८ प्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. शिवाय वयाची अट वेगळी आहे. उपचार घेताना बाईचे वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी, तर पुरुषाचे २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी असावे लागते. या मुदतींपैकी जी आधी संपेल ती तुमची खरी मुदत. ४४ व्या वर्षी भ्रूण गोठवलेल्या बाईला दहा वर्षांचा हिशेब उपयोगाचा नाही, तिच्या हातात सहाच वर्षे आहेत. पन्नाशीनंतर फी भरत राहणे म्हणजे वापरता न येणाऱ्या वस्तूचे भाडे.

पर्याय

पहिला म्हणजे पुढच्या मुलासाठी ठेवणे. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही, फी वेळेवर भरा आणि पत्ता-मोबाईल बदलला तर लेखी कळवा. इचलकरंजीहून पुण्याला बदली झाली, जुना नंबर बंद पडला आणि क्लिनिकची पत्रे रिकाम्या घराच्या दारात पडून राहिली, असे सहज घडते. फी थकल्यास क्लिनिकने काय करावे हे तुमच्याच संमतीपत्रात लिहिलेले असते. ते कलम न वाचता सही केलेली असते, एवढेच. पुण्यातल्या क्लिनिकमध्ये भ्रूण हलवायचे असतील, तर कलम २९ च्या शब्दांप्रमाणे स्वतःच्या वापरासाठीही या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. कुरियर ठरवण्याआधी ती बाब क्लिनिककडून पुरी करून घ्या.

दुसरा पर्याय दान. इथे लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. "माझ्या मावसबहिणीला मूल नाही, तिला द्यावेत म्हणतो," असे मनापासून विचारणारे भेटतात. पण मुदत संपलेल्या भ्रूणाचे कलम २८ मध्ये दोनच मार्ग आहेत: तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचा. आणि कलम २९ मध्ये भ्रूणाची विक्री, हस्तांतर आणि वापर यांना बंदी आहे, अपवाद फक्त स्वतःच्या वापराचा. म्हणून बहीण असो की अनोळखी जोडपे, उरलेला भ्रूण दुसऱ्याला देण्याचा अर्ज क्लिनिक घेत नाही. काही जुन्या, २०२२ पूर्वीच्या संमतीपत्रांत "दुसऱ्या जोडप्यास देण्यास हरकत नाही" अशी ओळ सापडते. तिच्या भरवशावर राहू नका. पैसे घेऊन दिले तर तो गुन्हाच आहे. पहिल्या वेळी पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षे कैद, शिवाय दंड.

संशोधनासाठी द्यायचे असतील तर क्लिनिकचे अशा नोंदणीकृत संस्थेशी काम चालू आहे का, हे आधी विचारा. नसेल तर तो पर्याय तुमच्यापुरता कागदावरच राहतो. असेल तर वेगळे संमतीपत्र होते आणि कशासाठी वापरणार हे त्यात लिहिलेले असायला हवे. भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनात भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. अनेकांना हे ऐकून बरे वाटते, म्हणून सांगतो.

तिसरा पर्याय नष्ट करणे. दोघांची सही असलेला अर्ज, दोघांचे आधार कार्ड, मूळ संमतीपत्राची प्रत आणि थकबाकी नसल्याची पावती एवढ्यावर काम होते. काही क्लिनिक प्रतिज्ञापत्रही मागतात. लॅबमध्ये प्रत्यक्ष घडते ते अगदी साधे असते. स्ट्रॉ टाकीतून काढतात, नाव-क्रमांक दोन माणसे ताडून पाहतात आणि ती खोलीच्या तापमानाला ठेवतात. थोड्या वेळात पेशी आपोआप मरतात. मग स्ट्रॉ जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. भ्रूण सुईच्या टोकाहूनही लहान असतो, डोळ्यांना दिसण्यासारखे काही नसते. "पंचगंगेत सोडायला आमच्याकडे द्या," अशी विनंती लोक करतात. सहसा ती मान्य होत नाही. त्या वेळी हजर राहायचे असेल तर मात्र अर्जातच लिहा, पुष्कळ लॅब नाही म्हणत नाहीत. काम झाल्यावर तारखेसह लेखी दाखला घ्या.

वेगळे झालो तर

कायदा भ्रूण गोठवण्याआधीच दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी असमर्थ झाले तर काय करायचे, याच्या लेखी सूचना घ्यायला लावतो. घटस्फोटाचा उल्लेख त्या वाक्यात नाही. मग उपयोगी पडते ते कलम २२ मधले आणखी एक वाक्य: जोडप्यातील कोणीही एक जण भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही आपली संमती मागे घेऊ शकतो. संमती मागे घेतली की वापर थांबतो. पण त्या एका सहीने भ्रूण नष्ट करता येत नाहीत. नष्ट करायला दुसऱ्याची संमतीही हवी. म्हणजे एक "वापरू नका" म्हणतो, दुसरी "टाकू नका" म्हणते आणि स्ट्रॉ टाकीतच राहतात, फी चढत राहते.

एक काल्पनिक उदाहरण धरू. गडहिंग्लजकडचे जोडपे. १४ मार्च २०२३ ला पाच भ्रूण गोठवले, स्ट्रॉ तीन: दोन, दोन आणि एक. पहिल्या स्ट्रॉमधले दोन सोडले, मुलगी झाली. दोन स्ट्रॉमध्ये तीन भ्रूण राहिले. फी वर्षाला १५,००० रुपये धरू. २०२५ मध्ये दोघे वेगळे राहू लागले. बाई ३८ वर्षांची, तिला दुसरे मूल हवे आहे. नवऱ्याला नको.

नवऱ्याने करायचे ते एवढेच: क्लिनिकच्या नावे पत्र. त्यात दोघांची नावे, नोंदणी क्रमांक, गोठवल्याची तारीख, "उरलेल्या तीन भ्रूणांच्या वापराला दिलेली माझी संमती मी आजपासून मागे घेत आहे" हे एक वाक्य आणि सही. पत्र स्वतः नेऊन द्यावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्यावी, शिवाय ईमेल करावा. ट्रान्स्फर चार दिवसांवर आले असेल तर स्पीड पोस्टच्या भरवशावर राहणे वेडेपणाचे आहे. भ्रूण गर्भाशयात गेल्यानंतर हे पत्र निरुपयोगी.

बाईच्या बाजूने पाहिले तर हे कठोर आहे, आणि तिला ते आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ब्रिटनमध्ये नॅटली एव्हान्स यांच्याबाबत हेच झाले होते. कॅन्सरपूर्व गाठींमुळे त्यांची अंडाशये काढावी लागणार होती, त्याआधी सहा भ्रूण गोठवले होते. जोडीदाराने संमती काढून घेतली आणि २००७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपल्या कायद्यातली मुभाही त्याच दिशेची आहे. एकटी बाई म्हणून तिला उपचार घेता येतात, पण त्यासाठी हे भ्रूण तिच्या एकटीचे होत नाहीत.

तोडगा निघायची खरी जागा म्हणजे परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जातल्या अटी. पोटगी, मुलीचा ताबा, दागिने यांच्याबरोबर त्यात भ्रूणांचाही परिच्छेद घाला. आमच्या उदाहरणात तो असा होईल: "दिनांक १४/०३/२०२३ रोजी गोठवलेल्या भ्रूणांपैकी शिल्लक तीन भ्रूण उभय पक्ष वापरणार नाहीत. घटस्फोटाचा हुकूम झाल्यापासून तीस दिवसांत दोघे क्लिनिकमध्ये हजर राहून ते नष्ट करण्याच्या अर्जावर सह्या करतील. तोपर्यंतची फी दोघे निम्मी निम्मी भरतील." यातले हुकमी वाक्य तीस दिवसांचे आहे. ते नसेल तर एक जण सहीला येतच नाही. तसे झाले, तर १३ मार्च २०३३ पर्यंत, म्हणजे हुकूम २०२६ च्या मार्चमध्ये झाला असे धरल्यास आणखी सात वर्षे, १,०५,००० रुपये फी उभी राहते. फी वाढली नाही असे धरून.

अटी मान्यच होत नसतील तर प्रश्न न्यायालयापुढे नेता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, त्यामुळे रिटसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. क्लिनिकने एकाच सहीवर काही केले किंवा कागदाच्या प्रती दिल्या नाहीत, तर आधी क्लिनिकच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जा. असा कक्ष ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर कायद्याखालच्या राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे. जादा फी किंवा निष्काळजीपणाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. या सगळ्या ठिकाणी पहिल्यांदा विचारतात तो कागद एकच, गोठवतानाचे संमतीपत्र.