दातावर कोण राहणार, हे आम्ल ठरवतं

रात्री दात घासायचं राहिलं, तर सकाळी पुढच्या दातावर हिरडीच्या कडेनं नख फिरवून पाहा. नखाला पांढुरका, चिकट लगदा लागतो. त्याला आपण अन्नाचा चिकटून राहिलेला अंश समजतो, पण त्यात बहुतेक जिवाणूच असतात आणि त्यांनीच तयार केलेला डिंकासारखा पदार्थ असतो. हाच प्लाक. तोंड निरोगी असलं तरी तो असतोच. त्यामुळे प्लाक आहे की नाही, याला फारसं महत्त्व नाही. त्यात कोणाची वस्ती वाढते आहे, यावर दाताचं भवितव्य ठरतं.

दात कितीही स्वच्छ घासले, तरी काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा त्यांच्यावर बसतो. या पापुद्र्याला धरून राहणारे पहिले जिवाणू काही तासांत येतात. त्यांत स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस आणि त्याचे भाऊबंद मुख्य. ही मंडळी दाताच्या दृष्टीनं बरीचशी निरुपद्रवी असतात, किंबहुना उपयोगीच. ती हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्यानं इतरांना आळा बसतो. त्यांच्यातले काही लाळेतल्या आर्जिनिनपासून अमोनिया बनवून आजूबाजूचं आम्ल मारतात. दात किडवण्यासाठी बदनाम असलेला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या पहिल्या टप्प्यात मागे असतो. निरोगी दातावरच्या प्लाकमध्ये तो सापडतो, पण अगदी थोडा.

किडलेल्या दातांतून म्यूटन्स पहिल्यांदा वेगळा केला तो किलियन क्लार्क यांनी, 1924 साली इंग्लंडमध्ये. गुन्हेगार सापडला, आता तो मारला की काम झालं, असं वाटणं साहजिक होतं. पण काही लोकांच्या तोंडात म्यूटन्स भरपूर असूनही दात शाबूत असतात, आणि काहींचे दात म्यूटन्स जवळजवळ नसतानाही किडतात. एकाच जिवाणूवर ठपका ठेवून हे कोडं सुटत नव्हतं.

ते सुटायला मोठी मदत झाली ब्रॅडशॉ, मॅकी आणि मार्श या ब्रिटिश संशोधकांच्या 1989 सालच्या एका प्रयोगानं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात एकमेकांत गुंतलेल्या दोन गोष्टी सुट्या केल्या आहेत. साखर खाल्ली की दोन घटना एकदम घडतात: जिवाणूंना खाद्य मिळतं आणि आम्ल तयार होतं. मग वस्ती बदलते ती खाद्यामुळे की आम्लामुळे? त्यांनी तोंडातल्या अनेक जातींच्या जिवाणूंचं मिश्रण प्रयोगशाळेतल्या पात्रांत वाढवलं आणि दहा दिवस रोज एकदा त्यात ग्लुकोज टाकलं. एका पात्रात पीएच, म्हणजे आम्ल वाढलं की उतरणारा आकडा, यंत्रानं 7 वर धरून ठेवला होता, म्हणजे आम्ल तयार झालं की लगेच मारलं जायचं. दुसऱ्यात आम्ल साचू दिलं. पहिल्या पात्रात इतकं ग्लुकोज मिळूनही वस्तीत फारसा फरक पडला नाही. दुसऱ्यात मात्र पीएच उतरत गेला, आम्ल न सोसणाऱ्या जाती मागे पडल्या आणि म्यूटन्स व लॅक्टोबॅसिलस यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. खाद्य दोन्हीकडे तेच होतं. निवड केली ती आम्लानं. पुढे मार्श यांनी याच पायावर दंतक्षयाचा परिसंस्थेच्या अंगानं विचार मांडला.

म्यूटन्सची ताकद इथेच कळते. आम्ल तर सँग्विनिसही बनवतो. पण पीएच 5 च्या आसपास आला की त्याचं काम मंदावतं. म्यूटन्स मात्र पेशीत शिरलेलं आम्ल पंपासारख्या एका प्रथिनानं सतत बाहेर फेकत राहतो आणि त्याच्याही खालच्या पीएचला साखर पचवून लॅक्टिक आम्ल सोडत बसतो. साध्या साखरेचा तो आणखी एक उपयोग करतो. तिचा रेणू फोडून त्यातल्या ग्लुकोजचे लांब, पाण्यात न विरघळणारे धागे विणतो. याच धाग्यांनी थर दाताला घट्ट चिकटतो. साखर त्या थरात सहज झिरपते, पण लाळेतलं आम्लमारक बायकार्बोनेट आतल्या आम्लापर्यंत पुरेसं पोहोचत नाही.

आता वेळेचा हिशेब. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. पुन्हा वर आला की लाळेतून तेच क्षार परत बसतात. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात प्लाकचा पीएच थेट मोजून दाखवलं, की साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो झपाट्यानं खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्ध्या ते एक तासाचा वेळ घेतो. ढोबळ हिशेबासाठी दर खेपेला अर्धा तास दाताचं नुकसान होतं असं धरू. सकाळी सातला चहा-बिस्किट, नऊला नाश्ता आणि चहा, अकराला ऑफिसातला चहा, दीडला जेवण, चारला चहा, सहाला पुन्हा चहा, रात्री जेवण. सात खेपा, म्हणजे साडेतीन तास. चहाचा कप समोर ठेवून तासभर घोट घोट घेत बसलं, तर हा आकडा आणखी वाढतो. त्याच पाच चहांची सगळी साखर दुपारच्या जेवणात शिऱ्यातून पोटात गेली असती आणि मधले चहा बिनसाखरेचे असते, तर बिस्किट सोडलं की तीनच खेपा उरल्या असत्या. म्हणून दाताच्या बाबतीत किती चमचे यापेक्षा कितीदा हे जास्त महत्त्वाचं. झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे झोपण्यापूर्वीची खेप सर्वांत महाग पडते. लहान मुलांना गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं की वरचे पुढचे दात भराभर किडतात, ते यामुळेच.

पुण्याच्या पाषाण तलावातली जलपर्णी काढली तरी सांडपाणी येत राहिलं की ती पुन्हा पसरते. म्यूटन्सचंही तसंच. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशनं त्याची संख्या घटते, पण खाणं-पिणं तेच राहिलं तर तो काही काळानं परततो. तो नसलाच, तर आम्ल सोसणाऱ्या दुसऱ्या जाती त्याची जागा घेतात.

सुरुवातीचं नुकसान डोळ्यांना दिसतं. दात वाळवला की हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा डाग उठून दिसतो. तिथे वरचा पातळ थर शाबूत असतो, क्षार गेलेले असतात ते त्याच्या खालचे. या टप्प्यावर किडीची वाट थांबवता येते. फ्लोराइड क्षार परत बसायला मदत करतं आणि नव्यानं बसलेला भाग आम्लाला जास्त दाद देत नाही. म्हणून फ्लोराइडच्या टूथपेस्टनं दात घासल्यावर फक्त थुंकावं. खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड वाहून जातं.

वरचा थर एकदा ढासळला की खड्डा पडतो. तिथे ब्रश पोहोचत नाही, लाळही नीट पोहोचत नाही. आतलं डेंटिन तर एनॅमलपेक्षा कमी आम्लातही विरघळतं. मग दंतवैद्याकडून तो भरून घ्यावाच लागतो. पण भरलेल्या दाताशेजारच्या जिवाणूंना काहीच झालेलं नसतं. साखरेच्या खेपा तेवढ्याच राहिल्या, तर काही वर्षांनी फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागते आणि मसाला वाईट होता असं आपण म्हणतो.