टाइम-लॅप्स व्हिडिओवरून रोपाच्या वाढीचा वेग मोजणं

ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून जो व्हिडिओ बनतो त्याला टाइम-लॅप्स म्हणतात, आणि त्यातल्या फ्रेमांवर रोपाची लांबी मोजून ‘तासाला किती मिलिमीटर’ असा वेग काढणं हा शाळेतला एक प्रयोग आहे. बहुतेक ठिकाणी तो मुगावर करतात, कारण मूग रात्रभर भिजवला की दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि पुढच्या दोन दिवसांत डोळ्याला दिसेल इतकी वाढ होते. या नोंदीतही मूगच धरलाय.

पद्धतीची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने साधारण 1898 ते 1900 च्या दरम्यान झाडांच्या हालचालींच्या फिल्म केल्या, आणि पुष्कळ लेखक टाइम-लॅप्सचा वनस्पतिशास्त्रातला वापर तिथूनच मोजतात. पण फेफरचा भर हालचाल वर्गात दाखवण्यावर होता, आकडे काढण्यावर तितका नव्हता. वाढ मोजायची परंपरा त्याहून जुनी आहे. युलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑक्झॅनोमीटर वापरलं होतं, त्यात झाडाच्या शेंड्याला दोरा बांधतात आणि दोरा सरकला की काटा फिरत्या पिंपावर रेघ ओढतो. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफमध्ये तीच हालचाल तरफांनी हजारो पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उतरवली. त्यामुळे या प्रयोगाचे पूर्वज म्हणून चित्रपटवाल्यांपेक्षा झाक्स आणि बोस यांना मानणं जास्त बरोबर वाटतं. कॅमेऱ्याचा फायदा एवढाच, की रोपाला काही बांधावं लागत नाही आणि नंतर कुठलाही बिंदू पुन्हा मोजता येतो.

मांडणी साधी आहे. काचेच्या पेल्यात आतून टिपकागदाची ओली गुंडाळी लावायची, कागद आणि काच यांच्यामध्ये मूग अडकवायचा, आणि बाहेरून काचेला चिकटून फूटपट्टी उभी लावायची. पट्टी रोपाच्याच पातळीत पाहिजे, मागे भिंतीला टेकवलेली चालत नाही. समजा कॅमेरा पट्टीपासून 30 सेंमी दूर आहे आणि रोप पट्टीच्या 3 सेंमी पुढे, तर रोप कॅमेऱ्यापासून 27 सेंमीवर येतं आणि 30 भागिले 27 म्हणजे जवळपास 11 टक्के मोठं दिसतं. ही चूक आलेखात कळतच नाही कारण सगळेच आकडे सारख्या प्रमाणात फुगतात, वक्र मात्र सुंदर येतो. कॅमेरा लांब नेला की चूक कमी होते. फोकस आणि एक्सपोजर लॉक करायचं हेही इथेच सांगायला हवं, नाहीतर फोन रात्री फोकस शोधत राहतो आणि प्रत्येक वेळी चित्राचा आकार किंचित बदलतो.

वेळेची भानगड वेगळी आहे आणि इथे पुष्कळ प्रयोग फसतात. व्हिडिओतला सेकंद म्हणजे खरा किती वेळ, हे फोटोंमधलं अंतर आणि व्हिडिओ किती फ्रेम प्रतिसेकंदाने चालतो यावर ठरतं. दर 10 मिनिटांनी एक फोटो आणि व्हिडिओ 30 फ्रेमचा असेल तर एका सेकंदात 300 मिनिटं म्हणजे 5 तास बसतात, तीन दिवसांचा प्रयोग 432 फ्रेमांत म्हणजे साडेचौदा सेकंदांच्या आत संपतो. हे गणित तेव्हाच खरं जेव्हा अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच असतं. काही फोनमधला तयार टाइम-लॅप्स मोड रेकॉर्डिंग लांबत गेलं की फोटोंमधलं अंतर आपोआप वाढवतो, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदात खरा किती वेळ मावलाय हे सांगता येत नाही. म्हणून अंतर आपण ठरवू शकतो असं इंटरव्हल अ‍ॅप वापरायचं आणि तरीही फ्रेमच्या कोपऱ्यात तारीख दाखवणारं डिजिटल घड्याळ ठेवायचं. वेळ घड्याळावरून लिहायची, व्हिडिओच्या सेकंदांवरून नाही.

फ्रेमा वेगळ्या काढायला ffmpeg हा कमांडने चालणारा प्रोग्राम पुरतो. वरच्या उदाहरणात दर 18 वी फ्रेम म्हणजे दर 3 तासांची फ्रेम हवी असेल तर:

```
ffmpeg -i mung.mp4 -vf "select='not(mod(n,18))'" -fps_mode vfr f_%03d.png
```

पहिली फाइल शून्य तासाची असते, त्यामुळे f_009.png ही 24 तासांची. पुढचं मोजमाप इमेजजे या फुकट प्रोग्राममध्ये करतात. File > Import > Image Sequence ने फ्रेमा एकत्र उघडायच्या, सरळ रेघ पट्टीवरच्या 50 मिमीवर ओढून Analyze > Set Scale मध्ये Known distance ला 50 आणि Unit ला mm लिहायचं, मग रोपावर Segmented Line ओढून M दाबलं की लांबी मिळते.

आता खरा प्रश्न, रेघ कुठून कुठपर्यंत ओढायची? याकडे शाळेच्या वह्यांमध्ये फारच कमी लक्ष दिलेलं असतं. मुगाचा जो भाग वर येतो तो हायपोकॉटिल, म्हणजे मूळ आणि दोन डाळी यांच्यामधला पांढरट दांडा. तो सरळ वर येत नाही, आकड्यासारखा वाकून येतो आणि डाळी खाली लोंबत असतात, उजेड लागला की हा आकडा काही तासांत उलगडतो. मुलं पट्टीवर सगळ्यात उंच बिंदू बघतात. पण आधी सगळ्यात उंच असतो आकड्याचा बाक, उलगडल्यावर डाळींचा शेंडा, म्हणजे मोजतोय तो बिंदूच बदलला. शिवाय मूळ खाली जोर लावतं तेव्हा सैल अडकवलेलं अख्खं बी वर सरकतं, तीही वाढ म्हणून मोजली जाते. यावर उपाय म्हणजे मूळ जिथे संपतं आणि जाडसर दांडा सुरू होतो तिथे पाण्याने न जाणाऱ्या शाईचा बारीक ठिपका द्यायचा, आणि ठिपक्यापासून डाळी जिथे जोडलेल्या असतात तिथपर्यंत वाकणाच्या मधोमध रेघ ओढायची.

एक नमुना मापांसकट घेऊ. पट्टीवरचे 50 मिमी 400 पिक्सेल भरले, म्हणजे 1 मिमीला 8 पिक्सेल. 24 तासांच्या फ्रेमला वाकणासकट लांबी 96 पिक्सेल म्हणजे 12 मिमी, 30 तासांना 16, 36 तासांना 22, 42 तासांना 28 आणि 48 तासांना 33 मिमी. दर सहा तासांची वाढ अनुक्रमे 4, 6, 6 आणि 5 मिमी, म्हणून वेग तासाला 0.67, 1.0, 1.0 आणि 0.83 मिमी. आता हेच उंचीने बघा. 36 तासांना दांडा 22 मिमी असला तरी त्यातला 5 मिमी आकड्यात खाली वळलेला होता, उंची फक्त 17. 42 तासांपर्यंत आकडा पूर्ण उघडला, उंची 28. उंचीने वेग येतो 11 भागिले 6, म्हणजे 1.83, जवळजवळ दुप्पट, आणि वाढ मात्र पूर्वीइतकीच होती. आलेखात एकदम उसळी दिसली की आधी त्या दोन फ्रेमा उघडून दांड्याचा आकडा उलगडलाय का ते बघावं, खताला किंवा पाण्याला श्रेय नंतर द्यावं.

दर फ्रेमला वेग काढायचा मोह होतो कारण आकडे भरपूर असतात. तो टाळावा. माउसने बिंदू पकडताना एका लांबीत 2 पिक्सेलची चूक सहज होते, दोन लांब्यांच्या वजाबाकीत वाईटात वाईट 4 पिक्सेलची. तासाला 1 मिमी वाढणारं रोप 10 मिनिटांत जेमतेम 1.3 पिक्सेल वाढतं, म्हणजे चूक वाढीपेक्षा मोठी, आणि आलेखात रोप मध्येच आखूड झालेलं दिसतं. सहा तासांच्या अंतरात तीच 4 पिक्सेलची चूक म्हणजे अर्धा मिमी, तासाला 0.08. यावरून नमुन्यातल्या 1.0 आणि 0.83 मधला फरकही अगदी काठावरचा आहे हे कळतं, ‘शेवटी वेग कमी झाला’ असं एका रोपावरून ठामपणे लिहू नये, निदान पाच-सहा रोपं हवीत.

वेग कसा सांगावा यावर दोन मतं आहेत. एक वरचा सरळ वेग. दुसरा सापेक्ष वेग, ज्यात आधीच्या लांबीच्या मानाने वाढ बघतात:

```
R = (ln L2 - ln L1) / (t2 - t1)
```

याची बैठक ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एच. ब्लॅकमन यांच्या 1919 च्या लेखात आहे, त्यांनी झाडाच्या वाढीला चक्रवाढ व्याजाची उपमा दिली. आपल्या नमुन्यात सरळ वेग 1.0 वर स्थिर असतानाच सापेक्ष वेग ताशी 0.053 वरून 0.040 वर येतो, म्हणजे एकच रोप एका हिशोबाने टिकून आहे, दुसऱ्याने मंदावलंय. ब्लॅकमन यांचा विचार सुक्या वजनाबद्दल होता, जिथे नवीन पानं पुढच्या वाढीला हातभार लावतात. मुगाचा दांडा सगळीकडून वाढत नाही, मुख्यतः आकड्याच्या जरा खालच्या पट्ट्यात लांबतो, खालचा भाग थांबलेला असतो. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांच्या लांबीसाठी सरळ वेगच अर्थपूर्ण वाटतो. हे स्वतः बघायचं तर दांड्यावर 2 मिमी अंतराने शाईचे ठिपके द्यावेत, कुठले दोन ठिपके दूर जातात ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं.

उजेडाचं काय? फोटोला रात्रीही उजेड लागतो आणि उजेडात हायपोकॉटिल अंधारापेक्षा हळू लांबतो, त्यामुळे दिवसा खिडकी आणि रात्री फ्लॅश असं मिसळलं तर दिवस-रात्रीचा फरक रोपाचा की दिव्याचा हे सांगता येत नाही. एकच मंद दिवा वरून सतत ठेवावा आणि वहीत तसं लिहावं. बाजूच्या खिडकीमुळे रोप वाकतं, आणि ते कॅमेऱ्याकडे वाकलं तर व्हिडिओत आखूड दिसतं, 30 अंश कललेलं रोप 13 टक्क्यांनी. कळायचा उपाय घरगुती आहे. शेवटच्या फोटोनंतर लगेच रोप काढून त्याच दोन बिंदूंमध्ये दोरा लावून खरी लांबी मोजायची. दोरा 35 आणि फ्रेम 33 म्हणत असेल तर रोप पुढे-मागे कललेलं होतं किंवा पट्टी पातळीत नव्हती. पट्टीचे तेच 50 मिमी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये मोजायचे, 400 चे 410 झाले असतील तर मध्ये कुणीतरी फोनचा स्टँड हलवलाय, आणि कुठल्या फ्रेमला हलला ते शोधून तिथून पुढे स्केल नवीन लावायचा.

हरभरा आणि वाटाणा यांना ही पद्धत जशीच्या तशी लागत नाही. त्यांच्या डाळी मातीतच राहतात आणि वर येतो तो डाळींच्या वरचा दांडा, म्हणून खालचा ठिपका डाळींच्या जोडापाशी आणि वरचं टोक पहिल्या पानाच्या बुडाशी धरतात.