वर्किंग ड्रॉइंगमधील रेषाजाडी, हॅचिंग आणि मापांचे संकेत

ज्या नकाशावरून जागेवर लाइनआउट पडते, खोदाई होते आणि भिंत उभी राहते, त्याला वर्किंग ड्रॉइंग म्हणतात. मंजुरीसाठी दिलेला नकाशा बहुधा 1:100 प्रमाणात असतो, वर्किंग ड्रॉइंग सहसा 1:50 ला काढतात. इमारतीच्या नकाशांचे संकेत भारतात ‘आयएस 962’ या मानकात दिलेले आहेत.

प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण मीटर-सव्वा मीटर उंचीवर आडवे कापून वरून पाहणे. ज्या भिंती आणि कॉलम कापले गेले त्यांची कड सर्वांत जाड, 0.5 किंवा 0.7 मिमी. कापाच्या खाली नुसते दिसणारे ओटा, पायरी, खिडकीची चौकट यांसाठी 0.25 ते 0.35. मापाच्या आणि हॅचिंगच्या रेषा 0.18. डोक्यावरचा बीम किंवा माळा तुटक रेषेने, आणि कॉलमची सेंटर लाइन लांब तुकडा व ठिपका अशा साखळीने दाखवतात. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या असल्या की मिस्त्रीला ओट्याची कड आणि अर्ध्या विटेची भिंत वेगळी ओळखता येत नाही.

हॅचिंग कापलेली वस्तू कशाची आहे ते सांगते. विटेला 45 अंशांच्या तिरक्या रेषा, काँक्रीटला ठिपके व लहान त्रिकोणी खडी, दगडी बांधकामाला ओबडधोबड दगडांच्या कडा. मराठवाड्यात हा फरक विशेष जपावा लागतो, कारण जुन्या काळ्या दगडाच्या घराला नवी विटेची खोली जोडणे हे इथले नेहमीचे काम आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आतला आणि बाहेरचा थर सुटून कोसळल्या. म्हणून दगडी भिंतीच्या सेक्शनमध्ये भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड आणि लिंटेल पातळीचा काँक्रीटचा पट्टा वेगळ्या हॅचिंगने दिसलाच पाहिजे. तिथे दोन्हींना एकच तिरकी रेघ मारलेली असेल, तर गवंडी पट्ट्याची जागाही दगडाने भरून टाकू शकतो. हॅचिंग आकड्यावरून जाऊ देऊ नये; आकड्याभोवती ते तोडावे.

खरी गफलत मापांत होते. भिंतीबाहेर मापांच्या तीन ओळी असाव्यात: आतली दार-खिडक्यांची, मधली भिंती व खोल्यांची, बाहेरची एकूण. समजा समोरच्या बाजूची मधली ओळ 230, 3000, 115, 3300, 230 अशी आहे. बेरीज 6875, आणि बाहेरच्या ओळीतही 6875 च हवे. नकाशा मिमीमध्ये असतो, पण जागेवर बोलणे फूट, इंच आणि सुतात चालते. ठेकेदार 3000 ला ‘दहा फूट’ आणि 3300 ला ‘अकरा फूट’ धरतो. दहा फूट म्हणजे 3048, अकरा म्हणजे 3353. दोन्ही मिळून 101 मिमी, म्हणजे चार इंच वाढतात. एका भिंतीपासून मोजत गेल्यास ही वाढ शेवटच्या भिंतीवर एकवटते. तेव्हा फूटिंग आधीच सेंटर लाइनवर पडलेले असते, आणि भिंत कॉलमच्या बाहेर येते. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदून बसवलेले फूटिंग सरकवता येत नाही. म्हणून फक्की टाकण्याआधी कर्णांबरोबर एकूण मापही टेपने ताडावे, आणि नकाशावर महत्त्वाच्या मापांखाली फूट-इंचही लिहावेत. याच ओळीत सेंटर ते सेंटर माप दिले तर 3172.5 आणि 3472.5 असे अर्धे आकडे येतात, जे जागेवर कोणी लावू शकत नाही. सेंटर लाइन कॉलमना द्यावी, भिंतींना कडेपासून माप द्यावे.

माप प्लास्टरसह की प्लास्टरविना, हेही लिहावे लागते. 3000 ची खोली आतून दोन्ही बाजूंनी 12 मिमी प्लास्टर झाल्यावर 2976 उरते, आणि 600 च्या पाच लाद्यांपैकी एक कापावी लागते. रेखाटणाऱ्याने ‘सर्व मापे प्लास्टरविना’ अशी टीप दिली असती तर लादीवाल्याला ते आधीच कळले असते.

छपाईतही एक धोका आहे. ए1 कागदावरचा नकाशा ए3 वर आला की लांबी निम्मी होते: 1:50 चे प्रमाण 1:100 होते, 0.18 ची रेषा 0.09 उरते आणि झेरॉक्समध्ये नाहीशी होते. 2.5 मिमी उंचीचे आकडे 1.25 होतात. अशा कागदावर पट्टी लावून माप काढणारा दुप्पट चुकतो. म्हणून ‘नकाशा मोजू नये, लिहिलेले मापच घ्यावे’ असे लिहितात, आणि कागदाबरोबर लहानमोठी होणारी आलेखी पट्टीही काढतात. ए3 वरच काम होणार असेल, तर आकडे व रेषा त्याच कागदासाठी ठरवाव्यात. घराच्या एका कोपऱ्याचा 1:20 चा तपशील वेगळ्या पानावर दिला, तर ठेकेदार तेच पान घडी करून खिशात ठेवतो.