संथ पाण्यातील वेग

नदीत चालणाऱ्या नावेचे तीन वेग विचारात घ्यावे लागतात: प्रवाहाच्या दिशेने जातानाचा, प्रवाहाविरुद्ध जातानाचा आणि संथ पाण्यातला. पाणी वाहत नसते, तर तेवढ्याच जोराने वल्हवून नावेला जो वेग मिळाला असता, तो संथ पाण्यातील वेग. पहिले दोन काठावरून मोजता येतात; तिसरा त्यांच्यावरून काढतात.

वाहते पाणी नावेलाही सोबत वाहून नेते. म्हणून प्रवाहाच्या दिशेने जाताना पाण्याचा वेग नावेच्या वेगात मिळतो आणि उलट येताना तेवढाच वजा होतो. दोन्ही वेगांची बेरीज केली की पाण्याचा वेग एकदा अधिक, एकदा उणा असल्यामुळे निघून जातो आणि नावेच्या वेगाची दुप्पट उरते. या बेरजेची निमपट म्हणजे संथ पाण्यातील वेग. तसेच दोन्ही वेगांतल्या फरकाची निमपट म्हणजे प्रवाहाचा वेग.

समजा, एका नावेला २४ किमी अंतर प्रवाहाबरोबर जायला २ तास आणि परत यायला ३ तास लागले. जातानाचा वेग ताशी १२ किमी, येतानाचा ताशी ८ किमी. बेरीज २०, म्हणून संथ पाण्यातील वेग ताशी १० किमी. फरक ४, म्हणून प्रवाहाचा वेग ताशी २ किमी.

नेमकी चूक इथेच होते. एकूण ४८ किमी अंतराला एकूण ५ तासांनी भागून अनेकजण ताशी ९.६ किमी हेच उत्तर धरतात. तो प्रवासाचा सरासरी वेग झाला, संथ पाण्यातला नव्हे. हा फरक कुठून येतो ते पाहण्यासारखे आहे. वल्हवणाऱ्याने ५ तासांत आपल्या जोरावर ५० किमी कापले. पाण्याने त्याला २ तास पुढे नेले, पण ३ तास मागे ओढले. म्हणजे एका तासाची ओढ जास्त झाली. त्या तासाचे २ किमी वजा जाऊन ४८ उरले. जाताना झालेला फायदा येताना पुरता फिटतो हा समज म्हणूनच खरा नाही: प्रवाहाविरुद्ध नाव जास्त वेळ पाण्यात असते.

उत्तर नदीवरच पडताळता येते. लाकडाचा तुकडा पाण्यात सोडावा. वाऱ्याने तो ढकलला गेला नाही, तर वरच्या उदाहरणातल्या प्रवाहात १०० मीटर वाहून जायला त्याला ३ मिनिटे लागायला हवीत.

ही रीत एका अटीवर उभी आहे: दोन्ही वेळा वल्हवण्याचा जोर आणि पाण्याचा वेग सारखाच हवा. प्रवाहाविरुद्ध येताना नावाडी बहुधा काठाच्या कडेने येतो, कारण तिथे ओढ कमी असते. मग दोन मोजमापांत दोन वेगळे प्रवाह शिरतात, बेरजेत ते एकमेकांना छेदत नाहीत आणि संथ पाण्यातील वेग खऱ्यापेक्षा जास्त निघतो. वरच्याच नावेला काठाजवळ ताशी १ किमी ओढ लागली असती, तर येतानाचा वेग ९ आणि उत्तर १०.५ आले असते.