मधाची धार, तेलाची धार: चमक एक, चाल दोन

मे महिन्यात मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात बचत गटाच्या दोन वस्तूंचे व्हिडिओ करायचे होते. एक, मोहफुलांचे लाडू, त्यावर मध सोडायचा. दुसरी, जवसाची चटणी, तिच्यावर जवसाचंच कच्चं तेल. दुपारी दोन्ही उरकले आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गटातल्या बायांना दाखवले. लाडवाचा व्हिडिओ पाहून गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "भाऊ, हे तं तेलच वाटते. लाडवावर तेल कायले टाकलं म्हन्तीन लोकं." मध तर त्यांच्याच डोळ्यांसमोर बाटलीतून काढला होता.

चूक माझी होती, पण त्यांचंही बरोबर होतं. चमक किती येणार हे बरंचसं त्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो यावर ठरतं, आणि त्या बाबतीत मध आणि जवसाचं तेल सख्खे भाऊ आहेत. मधाचा अपवर्तनांक साधारण १.४९, तेलाचा १.४८. पाण्याचा १.३३, म्हणून पाण्याची धार वेगळी कळते. एकाच रंगाचा मध आणि तेल दोन वाट्यांत शेजारी ठेवून फोटो काढला, तर जाणत्यालाही पटकन ओळखता येणार नाही. म्हणून कितीही दिवे लावले तरी मध मधासारखा दिसत नाही. तो ओळखू येतो त्याच्या चालीवरून.

चालीतला फरक मात्र प्रचंड आहे. खोलीच्या तापमानाला मध तेलाच्या शंभर-दोनशे पट घट्ट असतो. मात्र हा घट्टपणा उष्णतेने फार झपाट्याने उतरतो. २० अंशांचा मध ४० अंशांवर गेला की साधारण नवव्या हिश्शाइतकाच घट्ट उरतो. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार ४३-४४ अंशांची. पत्र्याखाली ठेवलेली बाटली त्याहून गरम. तो मध तेलापेक्षा घट्टच होता, पण डोळ्याला जी खूण लागते ती त्याने गमावली होती.

ती खूण म्हणजे वेटोळी. घट्ट मधाची बारीक धार आठ-दहा सेंटिमीटर उंचीवरून सोडली, की खाली टेकताना ती सरळ पसरत नाही. दोरी खाली सोडावी तशी ती गोल गोल रचत जाते, छोटा ढीग होतो, आणि मग तो सावकाश विरतो. धारेचा टोकाकडचा भाग वरून येणाऱ्या मधाच्या भाराने वाकतो आणि पुढे सरकायला जागा उरत नाही, म्हणून हे होतं. तेलात हा प्रकार होतच नाही. ते टेकताच पसरतं, उंचावरून सोडलं तर शिंतोडे उडवतं. धार थांबवतानाही तेच: तेलाची धार लगेच थेंबाथेंबांत तुटते, तर मधाची बारीक होत होत केसाएवढी तार होते आणि ती तार काही क्षण टिकते. शेवटची ती तार चित्रात आली की मध आहे, हे सांगावं लागत नाही.

माझी दुसरी चूक उंचीची. भारी दिसेल म्हणून मी चमचा फूटभर वर धरला होता. इतक्या उंचीवरून येताना धार बारीक होते, वेग वाढतो, आणि गरम मध वेटोळं न घालता सरळ घसरतो. तिसरी चूक त्याहून वाईट: मी सेकंदाला १२० फ्रेमचा स्लो मोशन लावला होता. मध मुळातच संथ असतो. त्याला आणखी संथ केलं की तो वितळलेल्या प्लॅस्टिकसारखा दिसतो. मधासाठी साधे ३० फ्रेम पुरतात. स्लो मोशन लागतो तो तेलाला, कारण त्याची धार टेकते आणि पसरते तो क्षण डोळ्यासमोरून निसटून जातो. पण तेल संथ करून मध बनत नाही, हेही लक्षात ठेवा. वेग कमी होतो, वेटोळं येत नाही.

स्लो मोशनमध्ये घरातले एलईडी दिवे टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि चित्रात पट्ट्या उठतात. दारातून येणारं ऊन बरं.

त्या दारावरच चमकेची सगळी मदार आहे. धार म्हणजे उभी काचेची नळी समजा. समोर जे असेल ते तिच्यावर उभ्या रेषेसारखं आखडून दिसतं. उघडा बल्ब असेल तर बारीक ठिपका, म्हणून धार खरी वाटत नाही. दारावर धुतलेलं पांढरं धोतर ताणून लावलं की धारेवर वरपासून खालपर्यंत एक मऊ, अखंड पांढरी रेषा उमटते. हे दार बाजूला, किंचित मागे घ्या, म्हणजे प्रकाश धारेतून आरपार येऊन ती आतून उजळते. दुसऱ्या बाजूला काळा कागद उभा करा, म्हणजे धारेची कड ठसठशीत दिसते. मात्र मध जाड झाला की प्रकाश शोषतो. बोटाएवढी जाड धार काळपट दिसते, चार-पाच मिलिमीटरची सोनेरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा बसलो. आदल्या रात्री बाटली कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली होती, ती बुडबुडे निघावेत म्हणून. घट्ट मधात एक मिलिमीटरचा बुडबुडा दहा सेंटिमीटर वर यायला वीसेक मिनिटं लागतात, आणि त्याच्या निम्मा असला तर तास-दीड तास. मग बाटली रात्रभर माठाखालच्या ओल्या रेतीत रोवून ठेवली. फ्रिज होता, पण त्यात मध फार घट्ट होतो. सकाळी मध हाताला गार लागत होता.

धारेसाठी चमच्याऐवजी नरसाळं वापरलं. ते चौकटीबाहेर, लाडवापासून दहा सेंटिमीटर वर बांधलं आणि खाली बोट लावून मध भरला. बोट काढलं की धार एकसारखी येते, हात थरथरत नाही. पहिला थेंब जाड आणि फुगीर पडतो, म्हणून तो बाहेर पडू दिला आणि मग ताटली धारेखाली सरकवली. लाडू पूर्ण गार झालेले होते. कोमट लाडवावर मध पातळ होतो आणि घसरून ताटलीत जातो. दोन-अडीच चमचे मध, सात-आठ सेकंद, एवढंच.

तेलाचं काम वेगळंच निघालं. जवसाची चटणी कोरडी भुकटी असते, ती तेल पिऊन टाकते आणि चमक मिनिटाभरात गायब होते. शिवाय फूटभरावरून धार सोडली की भुकटी उडते. उपाय अध्यक्षबाईंनीच सुचवला: "आधी चटणी तेलात कालवून घ्या ना, मंग वरून सोडा." कालवलेल्या चटणीत मध्ये खळगा केला आणि पाच-सहा सेंटिमीटरवरून २४० फ्रेममध्ये धार सोडली. तेल खळग्यात साचून राहिलं, त्यात दाराचं धोतर चमकलं.

सॉसची गोष्ट दोघांहून निराळी. टोमॅटो सॉस बाटलीत अडून बसतो, हलवला की पातळ होऊन एकदम पडतो आणि ताटलीत पुन्हा ढीग होऊन बसतो. म्हणजे हलवलं तर मधाची खूणही उरत नाही, तेलाचीही नाही. त्याला धार म्हणण्यापेक्षा पट्टा म्हणावं. आमच्या गटाला तो विकायचा नव्हता.

त्या संध्याकाळी दोन्ही व्हिडिओ पुन्हा ओट्यावर लागले. लाडवावर वेटोळी रचली जाताना एक आजी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "हे सहद आहे."